उरलेल्या चेंडूंत किती धावा हव्यात? स्ट्राइक रेटचा हिशेब, स्कोअररच्या टेबलावरून

सोलापुरात गड्ड्याची यात्रा आटोपली की टेनिस बॉलवाल्यांचा मोसम सुरू होतो. आठ-आठ षटकांचे सामने, एका दिवसात पाच-सहा, आणि स्कोअररच्या टेबलाभोवती सतत एकच विचारणा: ‘काका, माझा स्ट्राइक रेट किती झाला?’ हा प्रश्न सोपा आहे. अवघड आहे तो त्याच्या मागून येणारा: ‘दीडशेवर न्यायचा तर आता किती मारावे लागतील?’ याचं उत्तर टेबलाभोवती उभे असलेले चार जण चार प्रकारे देतात आणि बहुतेक वेळा चारही चुकीची असतात.

आधी सोपं उरकून घेऊ. फलंदाजाने बॅटने काढलेल्या धावांना त्याने खेळलेल्या चेंडूंनी भागायचं आणि १०० ने गुणायचं. शंभर चेंडूंमागे किती धावा, एवढाच त्याचा अर्थ. ४० चेंडूंत ५० धावा, म्हणजे १२५. झालं.

चेंडू मोजताना मात्र वहीकडे नीट बघा. वाइड फलंदाजाच्या खात्यात चेंडू म्हणून धरत नाहीत. नो बॉल धरतात. लेग बाय गेला तर धाव त्याची नाही, पण चेंडू त्याचाच. ज्या चेंडूवर तो बाद झाला तोही मोजायचा. काही स्कोअरर फलंदाजाच्या ओळीतही वाइडची अधिकची खूण करून ठेवतात आणि नवखा माणूस मोजताना ती खूणही चेंडू म्हणून मोजतो. ५८ चेंडूंचे ६१ होतात आणि पुढचा सगळा हिशेब बिघडतो. ओळीतल्या खुणा मोजायच्या त्या अधिक वगळून.

आता खरं काम. एक उदाहरण धरू. चौथ्या क्रमांकावर येणारा एक मुलगा आहे. पाच डावांत त्याने ५८ चेंडू खेळून ७४ धावा केल्यात. स्ट्राइक रेट १२७.५९. स्पर्धेत सर्वोत्तम स्ट्राइक रेटला बॅट ठेवलीय आणि पहिल्या क्रमांकावरचा गडी दीडशेच्या जरा खाली अडकलाय, म्हणून याला १५० गाठायचाय. उपांत्य आणि अंतिम असे दोन सामने उरलेत, संघ जिंकत गेला तर.

पहिला सल्ला येतो तो असा: ‘अरे, आता दीडशेच्या रेटने खेळ की.’ उरलेले चेंडू २२ धरले तर त्यावर दीडशेच्या रेटने ३३ धावा होतात. म्हणजे एकूण ८० चेंडूंत १०७. रेट १३३.७५. दीडशेच्या आसपाससुद्धा नाही. मागचे ५८ चेंडू वहीत बसलेलेच आहेत, ते कुठे जाणार?

दुसरा सल्ला जास्त धोकादायक, कारण तो हुशारीचा वाटतो. ‘आत्ता १२७.५९ आहे, म्हणजे दीडशेपेक्षा २२.४१ ने कमी. पुढे तेवढंच जास्त, १७२.४१ ने खेळलास की सरासरी दीडशे.’ हे दोन रेटची सरासरी काढणं आहे आणि ते इथे चालतच नाही. २२ चेंडूंत १७२.४१ ने ३८ धावा होतात. एकूण ११२, रेट बरोबर १४०. पटत नसेल तर टोकाचं उदाहरण घ्या. एका सामन्यात ६ चेंडूंत १८ धावा, रेट ३००. दुसऱ्यात ४० चेंडूंत ३२, रेट ८०. सरासरीवाले म्हणणार १९०. खरा रेट ४६ चेंडूंत ५० धावा, म्हणजे १०८.७. सहा चेंडूंच्या डावाला चाळीस चेंडूंच्या डावाइतकं वजन द्यायचं कारणच काय? दोन रेटची सरासरी तेव्हाच बरोबर येते, जेव्हा दोन्हीकडचे चेंडू सारखे असतात. सामन्यात असं क्वचितच घडतं.

सुरुवातीला मीही इथेच अडखळायचो, म्हणून ठामपणे सांगतो: रेटला रेटशी जोडूच नका. रेट बाजूला ठेवा आणि धावांत बोला. हवा असलेला रेट एकूण चेंडूंना लावायचा, मागचे आणि पुढचे मिळून. त्यातून आजवरच्या धावा वजा करायच्या.

```
१५० ÷ १०० × (५८ + २२) − ७४ = ४६
```

२२ चेंडूंत ४६. म्हणजे उरलेल्या चेंडूंवर त्याला जवळपास २०९ च्या रेटने खेळायचंय. ३३ आणि ३८ ऐकून आलेल्या मुलाचा चेहरा इथे उतरतो, पण आकडा हाच आहे.

मोबाइलवर हे करताना कंसाकडे लक्ष द्या. कंस न टाकता १५० ÷ १०० × ५८ + २२ − ७४ असं दाबलं तर ३५ येतात. आकडा अगदी पटण्याजोगा, म्हणूनच फसवा. आधी ५८ आणि २२ ची बेरीज करून ८० लिहून ठेवा, मगच गुणा.

मैदानावर दर चेंडूनंतर मोबाइल काढणार कोण? त्यासाठी मी तोच हिशेब उधारीच्या वहीसारखा मांडतो. दीडशेचा रेट म्हणजे प्रत्येक चेंडूला दीड धाव देणं. ५८ चेंडूंचे ८७ द्यायला हवे होते, दिले ७४, उधारी १३. पुढच्या २२ चेंडूंचे चालू देणं ३३. दोन्ही मिळून ४६. उत्तर तेच, पण आता पुढचा हिशेब तोंडी होतो. डॉट बॉल गेला की उधारी दीडने वाढते, एकेरी धावेने अर्ध्याने वाढते. दोन धावांनी अर्ध्याने उतरते, चौकाराने अडीचने, षटकाराने साडेचारने. एवढ्या पाच गोष्टी पाठ झाल्या की पुरे.

उपांत्य सामन्यात त्याने आठ चेंडू खेळले असं धरू: एक, डॉट, चौकार, एक, षटकार, डॉट, दोन, चौकार. उधारी १३ वरून चालते ती अशी: साडेतेरा, पंधरा, साडेबारा, तेरा, साडेआठ, दहा, साडेनऊ, सात. आठ चेंडूंत १८ धावा, रेट २२५, प्रेक्षक खूश. तरीही अजून सातची उधारी आहे. ताळा घ्या: ६६ चेंडूंचे ९९ हवेत, झाले ९२. फरक ७. उरलेल्या १४ चेंडूंचे २१ अधिक ७, म्हणजे २८ हवेत. ताळा जमला नाही तर वहीत कुठेतरी चेंडू निसटलाय. बहुतेक वेळा तो बाद झालेला शेवटचा चेंडू असतो.

एकेरी धावेनेही उधारी वाढते, हे बऱ्याच जणांच्या गळी उतरत नाही. दीडशे गाठायचे तर एक-एक धाव काढत राहणं म्हणजे मागे सरकणं. संघासाठी ती धाव मोलाची असेल, बॅटच्या बक्षिसासाठी नाही. या दोन गोष्टींत कर्णधाराचं आणि फलंदाजाचं भांडण लागतं ते इथेच. आणि माझं मत कर्णधाराच्या बाजूचं आहे.

आता तो २२ चा आकडा. सगळ्यांत कच्ची गोष्ट हीच. मुलं सरळ दोन डावांचे ९६ चेंडू धरतात. डावात चेंडू ४८ असले तरी ते दोन्ही टोकांत वाटले जातात आणि चौथ्या क्रमांकाचा गडी येईपर्यंत बरेच संपलेले असतात. त्याचा स्वतःचा इतिहास बघा: पाच डावांत ५८, म्हणजे डावाला अकरा-साडेअकरा. म्हणून दोन डावांचे २२. तरीही एका आकड्यावर विसंबू नका, वर-खाली दोन धरून बघा. १५ च चेंडू मिळाले तर १३ अधिक साडेबावीस, म्हणजे साडेपस्तीस धावा. ३० मिळाले तर १३ अधिक ४५, म्हणजे ५८. पंधरा चेंडूंत २४० च्या रेटने खेळावं लागतं, तीस मिळाले तर १९३ वर भागतं. उधारी तीच, पण ती फेडायला चेंडू जितके कमी तितका चढ उभा.

साडेपस्तीस धावा कुणी काढत नाही. अर्धा आला की नेहमी वरचा पूर्ण आकडा घ्यायचा, इथे ३६. ३५ वर थांबलात तर ७३ चेंडूंत १०९ होतात आणि रेट १४९.३२ राहतो. बक्षिसाच्या यादीत हा फरक पुरतो. दशांशाच्या दुसऱ्या घराबाबत मात्र वाद घालू नका. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्‌सवर सुनील गावसकरांनी इंग्लंडविरुद्ध १७४ चेंडूंत नाबाद ३६ केल्या. भागाकार २०.६८९६ येतो. पुढचे अंक नुसते तोडले तर २०.६८ दिसतं, जवळच्या अंकावर नेलं तर २०.६९. दोन्ही हिशेब बरोबर आहेत. स्थानिक स्पर्धेत चुरस तेवढी जवळची असेल तर कोणती रीत धरायची ते आयोजकांनी आधीच सांगावं.

त्याच डावावर शेवटचा ताळाही शिकता येतो: मागणी शक्य तरी आहे का? समजा तो डाव पुढे चालला असता आणि रेट १०० वर न्यायचा असता, तर १७४ चेंडूंची उधारी १३८ धावा. चेंडूला एक देणं, म्हणून षटकार मारला तरी फिटतात पाचच. १३८ ला ५ ने भागा, २७.६. म्हणजे सलग २८ षटकार! २७ वर थांबलात तर २०१ चेंडूंत १९८ होतात आणि रेट शंभराच्या खालीच राहतो. खेळून झालेल्या चेंडूंचं ओझं ते एवढं.

आपल्या मुलाचं तसंच बघा. १५० ला षटकारामागे साडेचार फिटतात. उधारी १३ आहे, त्यामुळे तीन षटकार लागोपाठ मारले की दीडशे पार: ६१ चेंडूंत ९२, रेट १५०.८२. उपांत्य सामन्यात असं जमलं तर पुढचा चेंडू डॉट जाऊ देऊ नका. ६२ चेंडूंत ९२ झाले की रेट १४८.३९ वर येतो. एक धाव घेतली तर रेट बरोबर १५०.