वीस वर्षांनंतरचा दुसरा मधुचंद्र : बामणोलीतील तीन दिवस कसे आखावेत

वीस वर्षांच्या संसारात नवरा-बायको दिवसभर बोलत असतात, पण ते बोलणे बहुतेक सिलिंडर, क्लासची फी आणि कुणाकडच्या लग्नाचा आहेर यांविषयीच असते. म्हणून दुसऱ्या मधुचंद्राचा बेत आखताना, हे विषय तीन दिवस घरीच कसे ठेवायचे याचा विचार आधी करावा.

सांगलीतील एक दांपत्य डोळ्यांसमोर धरू. त्याचा मार्केट यार्डात हळदीचा व्यवसाय आहे, ती शाळेत शिक्षिका आहे, मुलगी बारावीला आहे आणि घरी सासूबाई आहेत. नव्या हळदीची आवक सुरू होण्यापूर्वीचा मार्गशीर्षाचा आरंभ या दोघांना सोयीचा ठरतो. सोमवारी निघून बुधवारी परत यावे, म्हणजे शनिवार-रविवारची गर्दी टळते आणि गुरुवारच्या महालक्ष्मीच्या व्रतालाही घरी पोहोचता येते. शुद्ध द्वितीया-तृतीयेचा मुहूर्त साधला, तर चंद्र लवकर मावळतो. त्याचा उपयोग पुढे येईल. अमावस्येला प्रवास नको, हा सासूबाईंचा आक्षेपही मग उरत नाही.

निघण्यापूर्वी पंधरा दिवस दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. एकूण खर्चाचा आकडा दोघांनी मिळून ठरवावा, म्हणजे वाटेत प्रत्येक बिलावर चर्चा होत नाही. मोबाइलच्या रेंजचा तिकडे भरवसा नसतो, म्हणून मुक्कामाच्या घरमालकांचा क्रमांक घरी द्यावा आणि रात्री आठला एकच फोन करावा.

बामणोली हे साताऱ्याहून कासमार्गे सुमारे पस्तीस किलोमीटरवर, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठी आहे. कासचा फुलांचा बहर तोवर ओसरलेला असतो, आणि या बेताला ते पथ्यावरच पडते. साताऱ्यात कंदी पेढे जरूर घ्यावेत, पण ‘आलोच आहोत तर मावशींकडे डोकावू’ हे मात्र टाळावे. एका डोकावण्यात पहिला दिवस संपतो. मुक्कामी पोहोचल्यावर काहीही ठरवू नये. पहिल्या दिवशी थकव्यामुळे चिडचिड होते आणि दोघांनाही उगाच आलो असे वाटते. त्यावर झोप हाच उपाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तासभर बोटीतून फिरावे. भाडे आधी विचारून घ्यावे आणि लाइफ जॅकेट घालावे. वासोटा किल्ला या वेळी सोडून द्यावा, कारण त्यात अख्खा दिवस आणि अंगातली सगळी ताकद जाते.

मुख्य काम दुपारी. काठावर सावलीत बसून एकाने पंधरा मिनिटे बोलावे आणि दुसऱ्याने मध्ये एक शब्दही काढू नये. नंतर ऐकलेले स्वतःच्या शब्दांत सांगून एकच प्रश्न विचारावा आणि मग पाळी बदलावी. प्रश्न असा निवडावा, ज्याचे उत्तर जोडीदाराला ठाऊक नाही. उदाहरणार्थ, ‘या पाच वर्षांत तुला कशाची भीती वाटू लागली, जी आधी वाटत नव्हती?’ तिने शाळेतील बढती नको असल्याचे सांगितले, की ‘अगं, पण पगार...’ असे त्याच्या ओठांवर येणारच. ते गिळून त्याने ‘म्हणजे तुला वर्गच सोडायचा नाही’ एवढेच म्हणावे. ‘तुम्ही नेहमी’ किंवा ‘तू कधीच’ अशी सुरुवात ऐकू आली, की गाऱ्हाण्यांची यादी उघडली असे समजावे आणि तेथेच थांबून अर्धा तास चालून यावे.

रात्री दोघांनाही न येणारे काहीतरी करावे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन व सहकाऱ्यांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, नवे आणि उत्साहाचे काम मिळून केलेल्या जोडप्यांनी आपल्या नात्याविषयी अधिक समाधान नोंदवले होते. येथे त्यासाठी आकाश पुरेसे आहे. आठच्या फोननंतर पूर्वेकडे तोंड करून आधी कृत्तिकांचा पुंजका, त्याखाली तांबूस रोहिणी आणि आणखी खाली मृग शोधावा. दोघेही सारखेच अडाणी असल्याने कुणी कुणाला शिकवत नाही.

शारीरिक जवळीक कार्यक्रमपत्रिकेत लिहू नये. झाली तर झाली. चाळिशीनंतर रजोनिवृत्ती जवळ येताना कोरडेपणामुळे संबंध वेदनादायक होऊ शकतो, आणि त्यामुळे ती मागे सरली, की नवऱ्याला तो नकार वाटतो. तिने हे स्पष्ट सांगावे, त्याने रुसू नये, आणि त्रास कायम राहिल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. त्यावर उपचार आहेत. मात्र घरात मारहाण किंवा जोडीदाराची भीती असेल, तर अशा एकांतात जाऊच नये. तेथे आधी समुपदेशकाची मदत घ्यावी.

बुधवारी परततानाच पुढचा वार ठरवावा. सांगलीत दर रविवारी संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर अर्धा तास, पंधरा-पंधरा मिनिटांच्या त्याच पाळ्या, आणि बारावीचा विषय निघाला तर ज्याने काढला त्याने भेळ द्यायची.