लिफ्ट पश्चिमेला, भिंती कमी-जास्त: इमारतीचा पीळ हाताने कसा काढावा

नाशिकमध्ये नकाशा हातात आला की लिफ्ट आणि जिना बहुधा मागे एका कोपऱ्यात असतात, आणि हवा-उजेडाची बाजू बाल्कन्यांसाठी मोकळी ठेवलेली असते. लिफ्टजवळच्या शिअर वॉल लांब होतात, मोकळ्या बाजूला जेमतेम एखादी मिळते. भूकंपात अशी इमारत नुसती हलत नाही, पिळली जाते. किती, ते कॅल्क्युलेटरवर दहा मिनिटांत कळतं.

उदाहरणाला सात मजली इमारत घेऊ. पूर्व-पश्चिम २० मीटर, उत्तर-दक्षिण १२ मीटर. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या दोनच शिअर वॉल आहेत: लिफ्टजवळची ४ मीटर लांब, पश्चिम कडेपासून २ मीटरवर; आणि पूर्व कडेला, म्हणजे २० मीटरवर, २ मीटर लांब. याशिवाय उत्तर आणि दक्षिण कडेला ३-३ मीटरच्या पूर्व-पश्चिम भिंती आहेत. सगळ्यांची जाडी सारखी. धक्का उत्तर-दक्षिण येतोय असं धरू.

आधी प्रत्येक भिंतीचा ताठपणा. बहुतेक चुका इथेच होतात. उंच, सडपातळ भिंत वाकते, आणि वाकण्याला होणारा तिचा विरोध लांबीच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणून ४ मीटरच्या भिंतीचा ताठपणा ६४, तर २ मीटरच्या भिंतीचा फक्त ८. लांबी निम्मी, ताठपणा आठवा हिस्सा. (भिंत बुटकी असेल तर हा नियम चालत नाही, कारण मग कातरणीची विकृतीही धरावी लागते. लिफ्टची भिंत पेटीसारखी तिन्ही बाजूंनी जोडलेली असेल, तर तिचा ताठपणा याहून जास्त भरतो.)

मग ताठपणाचं केंद्र, म्हणजेच सेंटर ऑफ रिजिडिटी. पश्चिम कडेपासून मोजायचं:

```
(६४ × २ + ८ × २०) ÷ ७२ = ४ मीटर
```

नुसत्या लांब्या धरून हेच गणित केलं, तर उत्तर ८ मीटर येतं. म्हणजे थेट ४ मीटरची चूक.

वजन सारखं पसरलं असेल तर वस्तुमानाचं केंद्र १० मीटरवर. दोन्हींतलं अंतर, म्हणजे एक्सेंट्रिसिटी, ६ मीटर. दाराला बिजागरीपासून दूर ढकललं की मूठ जास्त हलते ना, तसंच. इथे बिजागरी पश्चिमेला ४ मीटरवर आहे, आणि मूठ म्हणजे पूर्वेची कड.

आता डिझाइनची एक्सेंट्रिसिटी. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत (तिच्यात नाशिक झोन ३ मध्ये आहे) दोन सूत्रं आहेत: दीडपट एक्सेंट्रिसिटी अधिक प्लॅनच्या आडव्या मापाचे ५ टक्के, किंवा एक्सेंट्रिसिटी वजा तेच ५ टक्के. ज्या भिंतीला जे जड जाईल ते घ्यायचं. पूर्वेच्या भिंतीसाठी १.५ × ६ + १ = १० मीटर.

एकूण बल ६०० किलोन्यूटन धरलं, तर पीळ ६००० किलोन्यूटन-मीटर. त्याला विरोध करणारा ताठपणा म्हणजे प्रत्येक भिंतीचा ताठपणा गुणिले केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग. उत्तर-दक्षिण भिंतींचा २३०४, आणि पूर्व-पश्चिम दोन भिंतींचा (२ × २७ × ६ × ६) १९४४. बेरीज ४२४८. पूर्वेच्या भिंतीचा सरळ वाटा ६०० × ८ ÷ ७२, म्हणजे साधारण ६७ किलोन्यूटन. पिळाचा वाटा ६००० × ८ × १६ ÷ ४२४८, म्हणजे १८१. मिळून २४८. पीळ विसरून या भिंतीत सळई घातली असती, तर तिच्यावर जवळपास पावणेचार पट बल आलं असतं.

हलणं मोजलं तर चित्र आणखी वाईट दिसतं. पूर्वेची कड पश्चिमेच्या कडेच्या अकरापटीहून जास्त हलते. कोड सांगतो की हे गुणोत्तर दीडच्या वर गेलं तर इमारत पिळाच्या दृष्टीने अनियमित, आणि दोनच्या वर गेलं तर रचनाच बदला. सळई वाढवून हे सुटत नाही.

इथे सुटलं ते पूर्वेची भिंत ३.६ मीटर करून. तिचा ताठपणा ४६.७ झाला, केंद्र सरकून ९.६ मीटरवर आलं, एक्सेंट्रिसिटी जेमतेम ०.४ मीटर उरली आणि गुणोत्तर १.४ वर उतरलं. बाल्कनीतून १.६ मीटर जागा गेली, त्यावर आर्किटेक्ट कुरकुरणारच. पण भिंत वाढवायची म्हणून थेट ४ मीटर केली, तर केंद्र ११ मीटरवर जातं, पीळ उलट्या बाजूचा होतो आणि गुणोत्तर परत १.७ च्या आसपास चढतं. म्हणजे जास्त भिंत ही चांगली भिंत असेलच असं नाही.

ईटॅब्स वापरत असाल तर `Centers Of Mass And Rigidity` या तक्त्यात `XCM` आणि `XCR` मजल्यागणिक मिळतात. हाताचा आकडा त्यांच्याशी ताडून बघा. तंतोतंत जुळणार नाही, कारण तिथे कॉलम-बीमही धरलेले असतात. पण फरक मोठा दिसला तर आधी स्लॅबला रिजिड डायफ्रॅम दिला आहे का ते तपासा. आणि तळमजल्यावर पार्किंगसाठी एखादी भिंत तोडली असेल, तर त्या मजल्याचं केंद्र वेगळं काढा. वरच्या सहा मजल्यांचा आकडा तिथे लागू पडत नाही.