टाइमलॅप्समधली लुकलुक कशी गेली

जळगावला घरीच केळीच्या बागेचं जलरंगातलं चित्र काढत होतो. वर आडव्या दांडीला मोबाइल बांधलेला, भिंग सरळ खाली. तीन तासांचं काम दीड मिनिटात पाहिलं, तर कागद सारखा उजळ-मंद होत होता. नीट पाहिल्यावर कळलं: माझा हात चौकटीत आला की कागद उजळायचा, हात निघाला की मंद व्हायचा. पांढऱ्या कागदावर गडद हात आल्यावर कॅमेरा आपणहून प्रकाश वाढवत होता.

मग प्रो मोडमध्ये आयएसओ १००, शटर १/५० आणि रंगतापमान ५००० केल्विन पक्कं केलं, फोकसही लॉक केला. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/५० किंवा १/१०० शटरला दिव्याचे काळे पट्टे येत नाहीत. खिडकीला जाड पडदा लावला, कारण इथलं ऊन दुपारभर बदलतं. दोन एलईडी दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत ठेवले. लुकलुक गेली.

प्रिंटसाठी मात्र व्हिडिओतली चौकट वापरू नका. माझी पहिली ए४ प्रिंट त्यामुळेच धूसर आली. फुल एचडी चौकट जेमतेम १९२० बाय १०८० पिक्सेलची, तर ए४ला ३०० डीपीआयने ३५०८ बाय २४८० लागतात. आता चित्र पूर्ण वाळलं की स्कॅन करतो, आणि विकतो ती प्रिंट त्याच फाइलची.