डीजीएत ॲसिटिलीन आलं, पण आर्किंग नव्हतं: माझा अनुभव

बडोद्याला मकरपुऱ्यातल्या आमच्या कारखान्यात 33/11 केव्हीचा ट्रान्सफॉर्मर आहे. त्याच्या तेलात विरघळलेल्या गॅसची चाचणी, म्हणजे डीजीए, केली तेव्हा 14 पीपीएम ॲसिटिलीन निघालं. सगळे म्हणाले, आर्किंग. दोनदा तेल फिल्टर केलं. गॅस गेले आणि तीन महिन्यांत परत आले. फार वैताग आला.

मग सुटे आकडे सोडून गुणोत्तरं काढली (पीपीएम): H2 120, CH4 310, C2H6 90, C2H4 540, C2H2 14.

```
C2H2/C2H4 = 0.03
CH4/H2    = 2.6
C2H4/C2H6 = 6.0
```

आर्किंग असतं तर पहिलं गुणोत्तर 0.6 च्या वर गेलं असतं. पार्शियल डिस्चार्जमध्ये हायड्रोजनच भरमसाट असतो, म्हणून दुसरं 0.1 च्या खाली राहतं. इथे दुसरं 1 च्या वर, तिसरं 4 च्या वर. म्हणजे 700 अंशांपुढचं ओव्हरहीटिंग. थोडं ॲसिटिलीन त्या तापमानालाही बनतं. CO वाढला नव्हता, त्यामुळे कागद जळत नसावा, उघड्या धातूचा जोड तापत असावा असं वाटलं.

शटडाऊन घेऊन प्रत्येक टॅपवर वाइंडिंग रेझिस्टन्स मोजला. फक्त चालू टॅपवर एका फेज-जोडीचा 6 टक्के जास्त आला. टॅप स्विच उघडला, तर एका काँटॅक्टवर काळा, कडक कार्बन. काँटॅक्ट साफ केला, स्प्रिंग बदलली, रेझिस्टन्स पुन्हा मोजला. तिन्ही जोड्या सारख्या. तेल त्यानंतरच डीगॅस केलं. सहा महिने झाले, इथिलीन वाढलेलं नाही.

गॅस अगदी कमी असतील, तर मात्र ही गुणोत्तरं लावू नका.