आजी भाजीचे पैसे स्कॅन करून देते तेव्हा: या चुका टाळा

माईंच्या फोनवर यूपीआयचं ॲप उतरवलं, त्याची भाषा मराठी केली, आणि पुढच्याच पायरीवर गाडं अडलं. ‘या मोबाइल नंबरशी जोडलेलं खातं सापडलं नाही.’ नातीने पुन्हा पुन्हा करून पाहिलं आणि शेवटी म्हणाली, “माई, तुझ्या फोनचंच काहीतरी बिघडलंय.”

फोन ठणठणीत होता. माईंनी पेन्शनचं खातं उघडलं तेव्हा त्यांच्याकडे मोबाइल नव्हता, म्हणून फॉर्मवर मुलाचा नंबर लिहिला गेला होता. ज्येष्ठांच्या बाबतीत ही अडचण फार वेळा येते आणि तिचा दोष ॲपला दिला जातो. नोंदणीच्या वेळी ॲप फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं, आणि त्या नंबरवर कोणत्या बँकेत खातं आहे ते शोधतं. म्हणजे बँकेत नोंदलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये असायला हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा. रिचार्ज संपलेल्या सिमवर नोंदणी इथेच अडकते. माईंना पासबुक आणि आधार कार्ड घेऊन शाखेत जावं लागलं. नंबर बदलून झाल्यावर खातं लगेच दिसलं.

मुलाने सोपा उपाय सुचवला होता: “माझंच खातं जोडून दे ना तिच्या फोनमध्ये.” हे करू नका. त्यासाठी मुलाचं सिम आईच्या फोनमध्ये टाकावं लागतं, मुलाचा पिन आईला सांगावा लागतो, आणि मग कोणी किती खर्च केला यावरून घरात वाद होतात ते वेगळंच. आईचं यूपीआयला जोडलेलं खातं नसेल, तर यूपीआय सर्कल नावाची सोय आहे. तिच्यात मुलगा आपल्याच ॲपमधून आईला जोडून घेतो. तो एकतर तिला खर्चाची मर्यादा ठरवून देतो, नाहीतर प्रत्येक पेमेंट स्वतः मंजूर करतो. पिन कोणाला सांगावा लागत नाही.

पिन ठरवायची वेळ आली तेव्हा माईंनी जन्मसाल सांगितलं. नातीने नको म्हटलं, ते बरं केलं. पण मग स्वतःच एक आकडा सुचवला. तसंही करायला नको होतं. दुसऱ्याने ठरवलेला आकडा लक्षात राहत नाही आणि तो शेवटी फोनच्या कव्हरमागे चिठ्ठीवर जाऊन बसतो. माईंनी मग आपल्याला कायम आठवेल असा आकडा मनात ठरवला आणि नातीलाही सांगितला नाही. पिन बनवताना डेबिट कार्डाचे शेवटचे 6 अंक आणि त्यावरची मुदत लागते. कार्डच नसेल तर आधारच्या ओटीपीवरही काम होतं, मात्र आधारला आणि बँकेला एकच मोबाइल नंबर जोडलेला हवा.

कोड धरला, पण नाव वाचलं नाही

चौकातल्या भाजीवालीच्या गाडीवर कोडचा एक कागद दोऱ्याने टांगलेला होता आणि वजनकाट्याला दुसरा चिकटवलेला. माईंनी पहिल्यांदा फोन धरला तो कागदाच्या अगदी जवळ. चौकट धूसर झाली आणि काही होईना. प्लॅस्टिकच्या आवरणावर ऊन चमकत असलं तरी असंच होतं. फोन वीतभर लांब, सरळ धरायचा आणि कोड पूर्ण चौकटीत येऊ द्यायचा, एवढंच. इथे फारसं शिकण्यासारखं नाही.

शिकण्यासारखं आहे ते त्यानंतरच्या पडद्यावर. तिथे पैसे कोणाला जाणार त्याचं नाव येतं. माई भाजीवालीला वर्षानुवर्षं ओळखतात, पण पडद्यावर आलं भलत्याच पुरुषाचं नाव. त्यांनी ते पाहिलं आणि थबकल्या.

“अगं, हे कोणाचं नाव दाखवतंय?”

“माझ्या मालकाचं, आजी. खातं त्यांच्या नावावर आहे.”

हा प्रश्न विचारणं हाच बरोबर मार्ग. पुष्कळ लोक नावावरून नजर फिरवतात आणि थेट रक्कम टाकतात. दुकानाच्या खऱ्या कोडवर दुसऱ्याचा कोड चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार होतात, आणि ते ओळखायला गिऱ्हाइकाकडे ही एकच जागा असते. कागदाकडे बघून काही कळत नाही, कारण सगळे कोड डोळ्यांना सारखेच दिसतात. पडद्यावरचं नाव मात्र बँकेत नोंदलेलं असतं. भाजीवालीने ते आपलं म्हटलं तरच पुढे जायचं. नाव अनोळखी निघालं तर नुकसान भाजीवालीचंही असतं, त्यामुळे विचारल्याचा तिला राग येत नाही.

रक्कम टाकताना माईंनी 65 ऐवजी 650 टाकले. शून्यावर बोट जरा जास्त वेळ टेकलं असावं. गाडीवरचा कोड छापलेला असतो, त्यात रक्कम भरलेली नसते, म्हणून ती देणाऱ्याने टाकायची. मोठ्या दुकानातल्या मशीनवर उमटणाऱ्या कोडमध्ये ती आधीच असते, त्यामुळे तिकडे सवय झालेली माणसं इथे चुकतात. माईंनी पिन टाकण्यापूर्वी फोन भाजीवालीला दाखवला, आणि तिने शून्य पकडला. रक्कम मोठ्याने वाचून दाखवायची आणि समोरच्याने ‘हो’ म्हटल्यावरच पिनकडे वळायचं, ही रीत माईंनी तेव्हापासून ठेवली. पिन टाकताना मात्र फोन स्वतःकडे वळवतात.

दोनदा पिन चुकला, तर तिसऱ्यांदा अंदाजाने टाकू नका. चुकीचे प्रयत्न ठरावीक संख्येच्या पुढे गेले की बँक पिन काही काळ अडवून ठेवते. माईंचं चुकत होतं ते वेगळ्याच कारणाने. ॲप उघडताना फोनचं कुलूप विचारलं जातं आणि पैसे देताना यूपीआय पिन. त्या दोन्हीकडे एकच आकडा टाकत होत्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक

संध्याकाळची गर्दी होती. मेथीची जुडी 20, पाव किलो गवार 30, कोथिंबीर आणि मिरच्या मिळून 15, असे 65 रुपये झाले. माईंनी स्कॅन केलं, नाव पाहिलं, रक्कम वाचली, पिन टाकला. चक्र फिरत राहिलं आणि मग पडद्यावर ‘पेंडिंग’ आलं. भाजीवालीच्या काट्याशेजारचा आवाजाचा डबा गप्प.

“आलं नाही, आजी. परत मारा.”

माईंनी परत मारलं. या वेळी डबा बोलला, ‘पासष्ट रुपये मिळाले’. घरी जाऊन पाहतात तर बँकेचे दोन एसएमएस, दोन्ही 65 रुपये वजा झाल्याचे.

इथे दोन गैरसमज एकत्र आले. पहिला, पेंडिंग म्हणजे पेमेंट झालं नाही. खरं तर पेंडिंगचा अर्थ इतकाच की बँकांकडून अजून शेवटचं उत्तर आलेलं नाही. ते ‘झालं’ असंही येऊ शकतं आणि ‘फसलं’ असंही. दुसरा, डबा बोलला नाही म्हणजे पैसे आले नाहीत. त्या डब्यात स्वतःचं सिम असतं. बाजारात नेटवर्क मंद असलं की पैसे खात्यात जमा होऊनही डबा गप्प राहतो, आणि पुष्कळ वेळाने एकदम बोलायला लागतो. भाजीवालीने आपल्या फोनवरची जमेची यादी पाहणं जास्त भरवशाचं. देणाऱ्याने दाखवलेल्या हिरव्या खुणेवर तिने विसंबू नये, कारण तसे बनावट पडदे दाखवून गंडवणारे फिरत असतात. माईंसारख्या ओळखीच्या गिऱ्हाइकालाही तिने ‘थांबा, बघते’ म्हटलं तर त्यात अपमान नाही.

पेंडिंग दिसलं की मिनिटभर थांबायचं, ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीत जायचं आणि तो व्यवहार उघडून स्थिती पुन्हा तपासायची. तरीही पेंडिंगच असेल तर दुसऱ्यांदा स्कॅन करायचं नाही. जवळ रोख असेल तर ती द्यायची आणि भाजीवालीला सांगून ठेवायचं की पहिले नंतर आले तर पुढच्या वेळी वळते करू. रोख नसेल तर नाव, रक्कम आणि वेळ तिच्या वहीत लिहून घ्यायला सांगायची. ओळखीच्या गाडीवर हे सहज होतं. अनोळखी ठिकाणी जाताना शंभराची एक नोट जवळ असावी, म्हणजे ही वेळच येत नाही.

माईंच्या प्रकरणात काय झालं? नातीने पहिला व्यवहार उघडला, तर तो आता ‘यशस्वी’ दिसत होता. म्हणजे पैसे भाजीवालीच्या घरीच पोचले होते आणि बँकेकडे तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी माईंनी व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक दाखवला, भाजीवालीने नवऱ्याच्या फोनमध्ये तो जुळवला आणि 65 रुपयांची भाजी दिली. जुळवायचा तो हाच क्रमांक, कारण त्याच गाडीवर त्याच संध्याकाळी 65 रुपये देणारे आणखीही असू शकतात.

पैसे वजा झाले पण समोर पोचलेच नाहीत, तर ते आपोआप परत येतात. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये यासाठी मुदती ठरवून दिल्या. व्यक्तीच्या खात्यावर पाठवलेले पैसे जास्तीत जास्त व्यवहारानंतरच्या दिवसापर्यंत परत यायला हवेत, आणि दुकानदाराच्या व्यापारी कोडवर दिलेले 5 दिवसांत. त्याहून उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते. तक्रार ॲपमधल्या त्याच व्यवहारावरून करा. ग्राहकसेवेचा नंबर इंटरनेटवर शोधून फोन करू नका, तिथे ठगांनी पेरलेले नंबरही सापडतात.

परतफेडीसाठी स्कॅन

दोनदा पैसे गेल्याची गोष्ट माईंनी सोसायटीच्या बाकावर सगळ्यांना सांगितली. काही दिवसांनी त्यांना फोन आला. “भाजीवाल्याचा मुलगा बोलतोय. तुमचे जादाचे पैसे परत करायचेत. कोड पाठवलाय, तो स्कॅन करून पिन टाका.”

माई म्हणाल्या, “मला पैसे यायचेत ना? मग माझा पिन कशाला?” आणि फोन ठेवला.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. स्कॅन करून पिन टाकला की पैसे खात्यातून जातातच, पलीकडून कोणी काहीही सांगो. चुकून टाकला गेलाच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकावर फोन करायचा आणि बँकेलाही कळवायचं. पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

आता माई भाजीपुरतं यूपीआय लाइट वापरतात. त्यात खात्यातून थोडी रक्कम आधी बाजूला काढून ठेवायची असते. 1,000 रुपयांपर्यंतचं पेमेंट मग पिनशिवाय होतं, आणि बाजूला एकूण 5,000 पर्यंत ठेवता येतात. गर्दीत सगळ्यांसमोर पिन टाकणं टळतं आणि पासबुकात भाजीच्या वीस नोंदी येत नाहीत. त्याची दुसरी बाजू उघड आहे: फोन उघडता येणाऱ्या कोणालाही ते पैसे खर्च करता येतात. म्हणून माई त्यात कधीच 500 च्या वर ठेवत नाहीत, आणि फोन बदलायचा झाला तर लाइटमधली रक्कम आधी खात्यात परत घ्यायची हे नातीने त्यांच्या वहीत लिहून दिलं आहे.