रसाच्या घनतेतला तिसरा दशांश

नागपुरी संत्र्याच्या रसाची घनता काढताना आमच्या प्रयोगशाळेत एका गटाचं उत्तर आलं १.०४२, दुसऱ्याचं १.०५१. खरं कोणाचं, यावर वाद सुरू झाला. कोणीतरी म्हणालं, चार दशांशांचा तराजू घ्या. मी आधी आकडेमोड करायला बसलो.

रिकामा बीकर ५२.३१ ग्रॅम, रसासकट ६२.७३. वजाबाकी १०.४२. तराजूची चूक दोन्ही वेळा ०.०१, म्हणून फरकातली चूक वर्गांच्या बेरजेच्या मुळाने ०.०१४ ग्रॅम, म्हणजे जेमतेम ०.१४ टक्के. रस मात्र मोजपात्राने घेतलेला: १०.० ± ०.१ मिली, सरळ १ टक्का. भागाकारात टक्केवारीतल्या चुका वर्ग करून मिळवायच्या आणि बेरजेचं मूळ काढायचं. तराजूची चूक त्यात दिसतही नाही. उत्तर १.०४ ± ०.०१. दोन्ही गट बरोबर, आणि महागडा तराजू फुकट गेला असता!

मग मोजपात्राऐवजी १० मिलीचा ‘अ’ वर्गाचा पिपेट घेतला, चूक ±०.०२ मिली. रस मलमलीतून गाळून घेतला, नाहीतर गराने टोक तुंबतं. एकूण चूक ०.२४ टक्क्यांवर आली, म्हणजे ±०.००३. आता तिसरा दशांश लिहायला हरकत नाही.

एक मात्र या सूत्रात येत नाही: मे महिना. २० वरून ४० अंशांवर नेलं तर पाण्याचीच घनता ०.६ टक्क्यांनी घटते. ही चूक सगळ्यांची एकाच दिशेने जाते, सरासरीने निघत नाही. म्हणून घनतेशेजारी रसाचं तापमान लिहायचंच.