फाउंडरचं अकाउंट की ब्रँडचं पेज? मुख्य आवाज ठरवताना या चुका टाळा

लिंक्डइनवर फाउंडरच्या पोस्टला ८० लाइक आणि कंपनीच्या पेजला ६. हे आकडे समोर आले की पुढची चर्चा पाच मिनिटांत आटोपते: पेज राहू दे, आता सगळं फाउंडरच्या नावाने टाकू. निर्णय कदाचित बरोबरही निघेल, पण तो ज्या तुलनेवर घेतला ती तुलनाच चुकीची आहे.

माणसाच्या प्रोफाइलमागे वर्षानुवर्षांच्या ओळखी असतात. जुने सहकारी, वर्गमित्र, कधीतरी मुलाखतीला आलेली मंडळी. पेजला तसं काही नसतं. पेज कोणाला कनेक्शनची रिक्वेस्ट पाठवू शकत नाही. ॲडमिनने आपल्या ओळखीच्यांना फॉलो करायचं आमंत्रण द्यायचं, तेही दर महिन्याच्या ठरावीक मर्यादेत. म्हणजे ८० आणि ६ हे आकडे मुख्यतः ओळखी किती जुन्या आहेत तेवढंच सांगतात.

एक उदाहरण घेऊ. समजा, एक कंपनी गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर विकते. फाउंडरने तीन महिने स्वतःच्या नावाने लिहिलं: कंपनी कशी सुरू झाली, पहिला कर्मचारी कसा मिळाला, अपयशातून काय शिकलो. लाइक भरपूर, चौकशी एकही नाही. मग त्याने लाइक करणाऱ्यांची यादी उघडून एकेकाचा हुद्दा पाहिला. ८० पैकी ७० जण मित्र, जुने सहकारी किंवा नोकरी शोधणारे होते. गोदाम सांभाळणारे तिघेच. पेजच्या ६ लाइकमध्ये मात्र असे दोघे होते, आणि ती पोस्ट होती मोजणीत माल कमी का भरतो यावर.

इथे घाईने ‘म्हणजे पेजच बरं’ म्हणणं ही पहिलीसारखीच चूक. दोन्ही ठिकाणचे विषय वेगळे होते, त्यामुळे आवाजाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. खरी चाचणी अशी: तोच विषय सहा आठवडे दोन्हीकडे चालवा, पण एकच मजकूर चिकटवू नका. फाउंडरने स्वतः गोदामात पाहिलेलं लिहावं, पेजने त्याच अडचणीवरची पद्धत द्यावी. शेवटी फक्त गिऱ्हाईक होऊ शकतील अशा लोकांच्या कमेंट आणि मेसेज मोजा. लाइककडे दुर्लक्ष करा (मोह होतो, माहीत आहे). आकडे लहानच असतील, पण प्रश्न कोणाला विचारले जातात हे दिसतं. ‘तुमचा अनुभव काय?’ असं लोक विचारत असतील तर मुख्य आवाज फाउंडरचा. ‘हे आमच्या सिस्टिमला जोडता येतं का?’ असेच प्रश्न येत असतील, तर उत्तर कोणीही दिलं तरी चालतं आणि पेज पुरेसं आहे.

दुसरी चूक फाउंडरला मुख्य आवाज ठरवल्यानंतरची. दोन पोस्टनंतर त्याला वेळ मिळत नाही, मग मार्केटिंगमधलं कोणीतरी त्याचा पासवर्ड घेऊन त्याच्या नावाने लिहायला लागतं. पासवर्ड असा वाटणं लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही, हे एक. शिवाय ते लपतही नाही. पोस्ट गुळगुळीत असते, खाली कोणी खोचक प्रश्न विचारला की दोन दिवस शांतता आणि मग ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद’. त्यापेक्षा आठवड्यातून अर्धा तास फाउंडरला बोलतं करा, त्यावरून कच्चा मजकूर कोणीही लिहू दे, पण पोस्ट करणं आणि उत्तरं देणं त्यानेच करावं. एवढंही जमणार नसेल, तर आकडे काहीही म्हणोत, पेजलाच मुख्य आवाज करा.

तिसरी चूक म्हणजे फाउंडरचा आवाज चालला म्हणून पेज ओस पडू देणं. दरातला बदल, सेवा बंद पडल्याची सूचना, नोकरीच्या जागा या गोष्टी पेजवरच हव्यात. फाउंडर सुट्टीवर असताना सेवा बंद पडली, तर लोक त्याच्या प्रोफाइलवर तक्रारी टाकत बसतील आणि टीममधल्या कोणालाही तिथून अधिकृत उत्तर देता येणार नाही. पेजला निदान दोन सुपर ॲडमिन ठेवा. एकच असेल आणि तो कंपनी सोडून गेला, तर ताबा परत मिळवताना दमछाक होते.

फाउंडरच्या चांगल्या पोस्टमागे पैसे लावायचे म्हणून ती पेजवर उतरवून घेण्याचीही गरज नाही. त्याची परवानगी घेऊन कंपनीच्या जाहिरात खात्यातून तीच पोस्ट, त्याच्याच नावाने, जाहिरात म्हणून चालवता येते.

आणि फाउंडर दोन-तीन वर्षांत कंपनी विकायच्या विचारात असेल, तर हे सगळं गणित उलटं मांडा. त्याचे फॉलोअर पेजच्या नावावर करून देता येत नाहीत. तो गेला की तेही त्याच्याबरोबर जातात.